गेंदाचा होकार

चोपड्याच्या बाजारात गेंदाबद्दल काहीबाही बोललं जातं. "जावयाला विष घालणारी ती हीच का?" असं एका बाईने मला तोंडावर विचारलं, आणि वर गेंदाच्याच टोपलीतली करटोली चाचपत राहिली. मी तिला चांगलं झापलं. माझा स्वभाव तसाच आहे, पोरांना खिचडी वाढताना जो आवाज चढतो तो बाजारातही खाली येत नाही. पण प्रत्येकाला असं किती झापणार? म्हणून एकदाचं सगळं सांगून टाकते.

मी लता. सातपुड्याच्या पायथ्याला आमचा पाडा आहे, तिथली अंगणवाडी माझ्याकडे आहे. मी मूळची खालच्या गावची, शेतकऱ्याच्या घरातली. पण इतकी वर्षं इथे काढली की मला आता खाली करमत नाही. गेंदाचं घर अंगणवाडीला लागूनच. तिचा नवरा सुकलाल गुरं राखतो आणि माणसांपेक्षा त्यांच्याशीच जास्त बोलतो. घरचं सगळं गेंदा बघते. कोरडवाहू जमिनीचा एक तुकडा आहे, त्यात होईल तेवढी ज्वारी, आणि बाकी जंगल जे देईल ते. उन्हाळ्यात मोहाची फुलं, चारोळी, पावसाळ्यात करटोली, रानभाज्या आणि छत्र्या.

छत्र्या म्हणजे अळंबी. शहरात मशरूम म्हणतात. आमच्याकडे वारुळावर येते ती पांढरी, मधे टोक असलेली. तिची भाजी मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मटण समजून खाल्ली होती. श्रावणातल्या झडीत चार-आठ दिवसच ती येते, आणि त्या दिवसांत गेंदाला हाक मारून उपयोग नाही, कारण ती सापडतच नाही.

मी एकदोनदा तिच्याबरोबर गेले आहे. ती कधीही छत्री वरून खुडत नाही. खाली बसते, बोटांनी माती मोकळी करते आणि मुळासकट हळूहळू ओढते. वारुळावरच्या छत्रीला लांबलचक मूळ असतं, थेट खाली वाळवीच्या घरात गेलेलं. ते मूळ हाताला लागलं की ती मान डोलावते. नाही लागलं, बुडाशी गाठ किंवा फाटक्या पिशवीसारखं काही दिसलं, तर छत्री कितीही गोजिरवाणी असो, तिथेच टाकून देते आणि हात मातीला पुसते. मग उरलेली नाकाशी धरून वास घेते. मी म्हटलं, "गेंदा, वरून तर सगळ्या सारख्याच दिसतात." ती म्हणाली, "वरथून बठ्ठ्याच सारख्या, ताई. माणसंबी." आणि हसायला लागली.

घरी आणल्यावर मात्र ती मुळं कापून टाकते. चोपड्याच्या गिऱ्हाइकांना मातीचं वावडं. चिखल दिसला की नाक मुरडतात, म्हणतात धुऊन, नीट करून आणा. म्हणून दारात बसून मुळं छाटायची, वरचा भाग पुसायचा आणि पळसाच्या पानात मांडायचा. हे छाटायचं काम लहानपणापासून तिच्या लेकीचं, रेशमाचं. आई जंगलात, लेक दारात विळीवर. रेशमाला शाळा होती, अभ्यास होता, त्यामुळे गेंदा तिला कधी वारुळापर्यंत नेत नसे. पोर चिखलात घसरेल, साप निघेल, अशी तिला धास्ती. त्यामुळे झालं असं, की रेशमाने हजारो छत्र्या हाताळल्या, पण एकही स्वतः जमिनीतून उपटली नाही.

हे तेव्हा कोणाच्या डोक्यातही आलं नाही. यायचं कारणही नव्हतं.

गेंदाला रेशमाला नर्स करायचं होतं. बारावी झाली की जळगावला पाठवायची, असं तिने मनात पक्कं धरलं होतं. माझ्याकडून तीनतीनदा माहिती काढून घेतली. आणि बारावीच्या वर्षातच, होळी झाल्यावर, रेशमा बादलबरोबर निघून गेली. पोरगा वाईट नाही. शेजारच्याच पाड्याचा, जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाइपाच्या कारखान्यात कामाला, नशिराबादला खोली घेऊन राहणारा. पंच बसले, रीतीप्रमाणे सगळं मिटलं, जेवणं झाली. सुकलालही जेवला. गेंदा पंचांपुढे हो म्हणाली, पण लेकीशी बोलायची बंद झाली.

रेशमा माझ्या मोबाइलवर फोन करायची, कारण गेंदाकडे मोबाइल नाही. मी धावत जाऊन सांगायची, "अगं, रेशमाचा फोन." गेंदा म्हणायची, "सांग, मी जंगलमा गई." आणि ती समोर चुलीपाशी बसलेली असायची. पुढे पुढे रेशमानेही फोन करणं सोडलं. मला दोघींचा राग यायचा. एक आईवर गेलेली आणि दुसरी तिची आईच, सोडवायचं कोणी? मी गेंदाला म्हणाले देखील, की शिक्षण गेलं म्हणून लेक पण घालवून बसू नको. तिने माझ्याशीही दोन दिवस अबोला धरला.

गेल्या श्रावणात एका सकाळी माझा मोबाइल वाजला. रेशमाने फोटो पाठवला होता. स्टीलच्या ताटलीत पांढऱ्याशुभ्र छत्र्या, मुळं छाटून, पुसून, ओळीने मांडलेल्या. खाली तिने बोलून पाठवलं होतं. खोलीच्या मागे शेताच्या बांधावर वारूळ आहे, नीलगिरीची झाडं आहेत, तिथे उगवल्या. घरमालकीण म्हणते टाकून दे, बादलने मोबाइलमधल्या कुठल्याशा ॲपला फोटो दाखवला तर ते म्हणतं खायची आहे. "पन मन्ही मायले विचार, ताई. ती हो म्हणी तर करसू."

मी मोबाइल घेऊन गेंदाकडे गेले. ती नुकतीच जंगलातून आली होती, टोपली दारातच होती. मला वाटलं, आताही म्हणेल की मी जंगलात गेले. पण तिने आवाज ऐकला, परत लावायला सांगितला, परत ऐकला. मग पदराला हात पुसून मोबाइल घेतला आणि फोटोकडे बघत बसली. तिचे डोळे भरून आले होते. छत्र्यांकडे बघून कोणाचे डोळे भरून येत नाहीत, एवढं मलाही कळतं.

"कशी मांडेल शे, दख," ती म्हणाली. "मन्हासारखी."

"अगं, पण आहे का आपली?"

"आपलीच शे. सांग तिले, खाय म्हन." मग म्हणाली, "थांब, मीच सांगस."

आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा ती लेकीशी बोलली. मी बटण दाबून धरलं आणि ती मोबाइलच्या अगदी तोंडाशी तोंड नेऊन बोलली, जणू पलीकडे कान लावलेला असावा. आपलीच आहे, तेल थोडं टाक, कांदा भरपूर घाल, बादललेबी दे. तिकडून लगेच लाल बदाम आला. मी तिला दाखवला. ती दिवसभर हसत होती, तिने अंगणवाडीतल्या पोरांना भाजलेला मका वाटला.

दुपार कलल्यावर ती आपल्या टोपलीतल्या छत्र्या घेऊन दारात बसली, मुळं छाटायला. मी पलीकडे तांदूळ निवडत होते. विळी चालू होती. एकदम थांबली. मी वर पाहिलं तर गेंदाच्या हातात एक कापलेलं मूळ होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती.

"ताई, तो फोटो परत दखाड."

मी दाखवला. तिने ताटलीतल्या एकेका छत्रीवरून बोट फिरवलं. फोटो मोठा करायला सांगितला. मोठा केला की छत्र्या नुसत्या धूसर झाल्या. तिने मोबाइल उलटा करून मागच्या बाजूने पाहिला. मला हसू यायला हवं होतं, पण तिचा चेहरा पाहून आलं नाही.

"मुळं कोठे शेत?" ती म्हणाली. "मी मुळं तर देख्याच नही. पोरनी छाटी टाक्यात. मी काय दखीसन हो म्हणनू?"

मी म्हटलं, "अगं, वारूळ आहे म्हणाली ना ती."

"वारूळबी शे आनि झाडंबी शेत. कोनती कोठली, कोणले माहीत? फोन लाव. आत्तेच लाव."

आमच्याकडे निरोप तेवढे येतात-जातात, बोलायला रेंज अंगणवाडीच्या मागच्या टेकाडावरच धड मिळते. गेंदा माझ्या पुढे पळाली. पहिल्यांदा फोन लागला नाही, दुसऱ्यांदा वाजला आणि रेशमाने उचलला. गेंदाने नमस्कार-चमत्कार काही न करता विचारलं, "खादी का तू?"

"नही, माय. मी संध्याकायले खासू. बादलनी खादी, मंग ड्युटीवर गया. लई आवडनी त्याले."

गेंदाने आवाज सरळ ठेवला. उरलेल्या भाजीला हात लावू नको, टाकूही नको, झाकून ठेव. छाटलेली मुळं कुठे टाकली, तिथेच राहू दे, झाडू मारू नको. आम्ही येतोय. रेशमा विचारत होती, "पन तूच तं हो म्हणनी ना?" गेंदाने फोन माझ्या हातात दिला आणि घराकडे निघाली, चपला घालायला.

सुकलालला निरोप ठेवून आम्ही जीपने चोपड्याला आणि तिथून एसटीने जळगावला गेलो. रस्ताभर ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी दोनतीनदा म्हटलं, की काही होणार नाही, बहुतेक आपलीच असेल. तेव्हा ती चिडून माझ्याकडे वळली. "बहुतेक म्हणू नको, ताई. मीबी तेच करनू."

नशिराबादला पोचलो तेव्हा अजून उजेड होता. रेशमा दारातच उभी होती. आई-लेकीची किती महिन्यांनी भेट, मला वाटलं गळ्यात पडतील. गेंदाने फक्त विचारलं, "मुळं कोठे?" रेशमाने खोलीमागचा उकिरडा दाखवला. कांद्याची सालं, चहाचा चोथा, केळीची पानं. गेंदा तिथे उकिडवी बसली आणि एकेक तुकडा वेचून पदरावर ठेवायला लागली. घरमालकीण वरून बघत होती आणि विचारत होती, सोनं हरवलं का म्हणून.

बरीचशी मुळं लांब, निमुळती, मातीने माखलेली होती. आपली. ती वेचताना गेंदाचा श्वास सैल होत गेला आणि माझाही. मग तिच्या हाताला एक तुकडा लागला तो आखूड होता. खाली फुगीर गाठ आणि गाठीभोवती पांढऱ्या पापुद्र्याची फाटकी वाटी. पुढे तसाच आणखी एक. गेंदाने तो माझ्यासमोर धरला आणि लेकीला विचारलं, "हाई कोठून काढी?"

रेशमा म्हणाली, सगळ्या तिथल्याच. काही वारुळावर होत्या, काही जरा बाजूला, झाडांखाली. सुरीने भोवतीची माती खरवडून बुडासकट काढल्या. वरून सारख्याच दिसत होत्या, तशाच पांढऱ्या, तेवढ्याच मोठ्या. घरी आणून तिने सगळ्या एकाच ताटलीत घातल्या आणि एकाच कढईत.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्या पोरीची फार कणव आली. तिने काहीच हलगर्जीपणा केला नव्हता. आईने जे शिकवलं होतं तेच तिने मन लावून केलं होतं, नीट छाटलं, नीट पुसलं, नीट मांडलं. जे काही ओळखायचं होतं ते सगळं तिने सुरीने कापून उकिरड्यावर टाकलं आणि उरलेल्याचा फोटो काढला.

भाजीचं भांडं आणि मुळांची पुडी घेऊन आम्ही रिक्षाने कारखान्याच्या फाटकावर गेलो. बादल बाहेर आला तो हसतच. "मामी, तुम्ही उन्यात!" सासू आपल्याला भेटायला आली याचाच त्याला आनंद. आम्ही दवाखान्यात चल म्हटल्यावर तो गोंधळला. "माले काही व्हयनं नही. दखा ना, मी ठणठणीत शे." आणि होताच ठणठणीत. जेवून कितीतरी तास झाले होते, पोटही दुखत नव्हतं. फाटकावरचा माणूसही म्हणाला, विषबाधा असती तर एव्हाना लोळला असता. पगार कापला जाईल म्हणून बादल मागे सरायला लागला. गेंदाने त्याचा हात धरला. जावयाच्या हाताला सासू हात लावत नाही, पण तिने घट्ट धरला. तो मग निमूट रिक्षात बसला.

जळगावच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात त्या संध्याकाळी एक तरुण डॉक्टरीण होती, सोनल नावाची. मला वाटलं होतं, धडधाकट माणूस घेऊन आलो म्हणून ओरडेल. तिने सगळं ऐकलं, कधी खाल्लं ते विचारलं आणि लगेच त्याला भरती करून घेतलं. मी म्हटलं, "मॅडम, त्याला अजून काहीच होत नाही." ती म्हणाली, "त्याचीच भीती आहे. खाल्ल्यावर तासा-दोन तासांत उलट्या झाल्या तर बहुतेकदा पोटावर भागतं. उशिरा सुरू होतं ते विष लिव्हरवर जातं. आणि ते शिजवून मरत नाही, उकळलं तरी." तिने रक्त घेतलं, काळं कोळशाचं औषध पाजलं आणि सलाइन लावलं.

रेशमाने तो ताटलीचा फोटो तिला दाखवला. डॉक्टरीणबाईंनी तो कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या एका सरांना पाठवला, हितेंद्र सर म्हणून. त्यांचं उत्तर लगेच आलं. डॉक्टरीणबाईंनी वाचून दाखवलं: "फोटोवरून मी काहीच सांगणार नाही. विषारी नाही असं तर मुळीच नाही. शिल्लक काही असेल तर टाकू नका, मी सकाळी येतो."

रेशमा रडायला लागली. "इतले शिकेल सरलेबी कळत नही का?" तिला वाटलं होतं, मोठा माणूस फोटो बघेल आणि काळजी करू नका म्हणेल. त्या घडीला तिथल्या प्रत्येकाला तेच ऐकायचं होतं.

उजाडायच्या सुमाराला बादलला उलट्या सुरू झाल्या, आणि मग जुलाब, पाण्यासारखे. उंचापुरा पोरगा चादरीवर चोळामोळा होऊन पडला.

हितेंद्र सर सकाळी आले ते बाहेरच्या बाकावरच बसले. पांढरा कागद अंथरला, त्यावर गेंदाने वेचलेले तुकडे ठेवले आणि चष्मा वर करून पाहिले. गेंदाला विचारलं, "तुमचं काय मत?" तिने लांब मुळांची एक रास केली आणि गाठीच्या दोन तुकड्यांची वेगळी. सर म्हणाले, "मीही असंच करेन. या दोघांचं नाव मात्र सांगता येणार नाही, वरचा भाग गेला ना. पण बुडाशी अशी वाटी असलेल्यांत फार वाईट जाती आहेत, तेव्हा वाईट समजूनच उपचार व्हायला हवेत." तसं त्यांनी आत जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

माझ्या तोंडाला कुलूप नसतं. मी विचारलं, "सर, एवढा स्वच्छ फोटो होता, तरी तुम्हाला काहीच कळू नये?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, मला रोज असे फोटो येतात. फोटोत वरचा पांढरा रंग दिसतो, आणि तो चांगलीचाही पांढरा असतो आणि वाईटचीही. बूड मातीत राहिलेलं असतं. वास येत नाही. छत्रीखालून जी पूड गळते तिचा रंग बघायला ती कागदावर रात्रभर पालथी ठेवावी लागते. कोवळी असताना तर खालच्या पात्या सगळ्यांच्याच फिक्या दिसतात. आणि समजा, मी एक छत्री ओळखलीही, तरी शेजारची तीच आहे कशावरून? फोटो ताटलीचा असतो, पोटात एकेक जाते." मग गेंदाकडे बघून म्हणाले, "हातात आली तरीसुद्धा मी कितीदा नाही म्हणतो. फोटो बघून एखादी विषारी वाटते एवढं म्हणता येईल, खायला चालेल असं कोणालाच म्हणता येणार नाही. त्या ॲपलाही नाही."

गेंदा सगळं ऐकत होती. सर गेल्यावर तिने तो कागद घडी घालून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि परत बाकावर येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी बादलच्या उलट्या थांबल्या. त्याने चहा मागितला, उठून बसला आणि घरी जायचं म्हणाला. आम्हीही खूश झालो. रेशमाने तर पिशवी भरायला घेतली. डॉक्टरीणबाई आल्या आणि पिशवी रिकामी करायला लावली. "हे बरं वाटणं खोटं आहे," त्या म्हणाल्या. "आत लिव्हरवर काम चालू असतं तेव्हाच माणसाला बरं वाटतं. आजचा रिपोर्ट कालच्यापेक्षा वाईट आहे." दिवस मावळेपर्यंत बादलचे डोळे पिवळे दिसायला लागले. त्याला आतल्या विभागात हलवलं आणि आम्हाला बाहेर काढलं. मुंबईला हलवावं लागेल का, यावर डॉक्टरांची आपापसांत चर्चा चालली होती, ती आम्ही दाराआडून ऐकली.

तिथे रेशमाचा बांध फुटला. आत्तापर्यंत ती आईला एक शब्द बोलली नव्हती. आता भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "माय, तू हो काबर म्हणनी?"

वऱ्हांड्यातली माणसं बघायला लागली. एरवी भांडण असलं की त्या दोघी आपसांत पावरीत, त्यांच्या पाड्याच्या बोलीत, बोलतात, मला निम्मं कळतं. पण रेशमा अहिराणीत बोलली, म्हणजे मलाही ऐकवायचं होतं तिला. "तुले बठ्ठं कळस जंगलनं. मी तुन्हावर भरोसा ठेवा. तू नही म्हणती तं मी फेकी देती ना!"

मला वाटलं, गेंदाने काहीतरी बोलावं, पोरीला समजवावं, निदान रडावं. ती उठली आणि नळावरून पाणी आणून रेशमापुढे धरलं. रेशमाने घेतलं नाही. पेला हातात धरून गेंदा तशीच उभी राहिली. माझ्याने ते बघवेना. मी तिच्या हातातून पेला घेतला आणि स्वतःच पिऊन टाकला, काहीतरी करायचं म्हणून.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बसलेल्या सगळ्यांचे जातात तसेच. सुकलाल गुरं शेजाऱ्याकडे सोपवून आला, भाकरी घेऊन आला आणि एका कोपऱ्यात बसून राहिला. मला अंगणवाडी होती, मी जाऊन येऊन होते. एक दिवस परत आले तर डॉक्टरीणबाई पायऱ्यांवरच भेटल्या. चेहऱ्यावरूनच मला कळलं. लिव्हरचे वाढलेले आकडे उतरायला लागले होते. "लवकर आणलं म्हणून," त्या म्हणाल्या. "उलट्या व्हायची वाट बघत घरी बसला असतात तर मी काही सांगू शकले नसते." मी धावत वर गेले. गेंदाला आधीच कळलं होतं. ती सुकलालला मारल्यासारखी धपाधप पाठीवर थोपटत होती आणि तो हसत होता.

बादलला सोडलं त्या दिवशी तो आणि सुकलाल औषधं आणायला खालच्या खिडकीशी रांगेत उभे होते. आम्ही तिघी बाहेर कडुलिंबाखालच्या पारावर बसलो होतो. बादल वाळून काटक झाला होता, पण डोळे पांढरे होते. मी सहज म्हटलं, आता तरी बोला बायांनो, का मीच दोघींच्या वतीने बोलू?

गेंदा जमिनीकडे बघत म्हणाली, "तू विचारी व्हती ना, हो काबर म्हणनी म्हनीसन."

रेशमा म्हणाली, "जाऊ दे ना, माय."

"नही. ऐक. तुन्हा फोटो उना तव्हय मी छत्र्या देख्याच नही. तू विचारी राहिनी, एवढंच माले दिखनं. तुले आते नही म्हणनू, तं तू परत कव्हय काही विचारशी नही, असं वाटनं माले." मग तिने मान वर केली, डोळे वाहत होते. "मी छत्रीले हो नही म्हणनू. तुले हो म्हणनू."

मला वाटलं, रेशमा आता रडेल. तिने उलट ओढणीने आईचं नाक-डोळे पुसले, आपण लहान पोराचे पुसतो तसे, जरा जोरानेच.

"मीबी फोटो छत्र्यासाठे नही धाडा व्हता, माय," ती म्हणाली. "तू बोलशी म्हणीसन धाडा."

समोरून बादल औषधांची पिशवी घेऊन हळूहळू चालत येत होता.